दरफलकाचा फोटो, मापाची पावती आणि चार ब्लाउजचा अंदाज

काम एवढंच: कोल्हापुरातल्या एका लेडीज टेलरच्या दुकानात गिऱ्हाईक कपडा आणि मापाची पावती देऊन जातं, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या फोनवर "एकूण इतके होतील" असा मेसेज जायला हवा. दर भिंतीवरच्या फलकावर आहेत, माप मास्तरांच्या हातच्या पावतीवर. मास्तर मशीनवरून उठून हिशेब करत नाहीत, म्हणून फलकाचा फोटो आणि पावतीचा फोटो या दोनांवरून काउंटरवरच्या माणसाला अंदाज काढता यावा, असं ठरलं. दोन दिवसांचं काम वाटलं होतं. लागले नऊ.

२८ डिसेंबर

फलकाचे फोटो काढले. फलक म्हणजे ए-फोर कागद, लॅमिनेशन केलेला, काउंटरच्या मागे खिळ्याला. पहिले चार फोटो वाया गेले. ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका मधल्या तीन ओळींवर पडत होता, कटोरी, प्रिन्सेस आणि पॅड. फ्लॅश बंद केला तरी पट्टा जात नाही, कारण तो फ्लॅशचा नसून लॅमिनेशनवरचा आहे. फलक खिळ्यावरून काढला, दुकानाच्या दाराशी स्टुलावर आडवा ठेवला, ट्यूब बंद केली आणि सावली पडू नये म्हणून बाजूने फोटो घेतला. मग सगळं दिसलं.

एकाच फोटोत अख्खा फलक घेऊ नये. एक पूर्ण, एक वरचा अर्धा, एक खालचा अर्धा, असे तीन घ्यावेत. पूर्ण फोटोत खालची बारीक अक्षरातली टीप वाचता येत नव्हती, आणि पैशाचा निम्मा घोळ त्या टिपेतच असतो. तिथे लिहिलं होतं: "४० च्या वर छाती ५०/- जादा. कोपराखाली बाही ५०/- जादा. १० दिवसांच्या आत हवे असल्यास अर्जंट १५०/- प्रति नग."

फोटो व्हॉट्सॲपवरून कॉम्प्युटरवर घेतला आणि टीप पुन्हा धुरकट झाली. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जसाच्या तसा येतो.

२९ डिसेंबर

दर शीटमध्ये भरले. `dar` नावाचं पान, पहिल्या रकान्यात काम, दुसऱ्यात दर.

पहिली चूक "/-" ची. एका ओळीत "१३०/-" हाताने लिहिलेलं होतं, तिरकी रेघ सरळ उभी आली होती. भरणाऱ्याने १३०१ भरलं. फॉल-पिकोचे तेराशे एक कोणी देणार नाही, म्हणून लगेच लक्षात आलं.

दुसरी चूक अशी लक्षात येणारी नव्हती. बिनअस्तर कटोरीच्या दरावर पांढऱ्या कागदाची चिकटपट्टी आणि वर पेनाने नवा दर. तो ३४० आहे की 380? मास्तर कधी मराठी आकडे काढतात, कधी इंग्रजी. तीन आणि शून्य दोन्हीकडे सारखेच दिसतात, आणि हाताने काढलेला मराठी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो. म्हणजे त्या एका आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. आजूबाजूच्या ओळी बघितल्या, तर वरच्या चिकटपट्टीवर ५ स्पष्ट इंग्रजी होता, खालच्या चिकटपट्टीवर ६ स्पष्ट मराठी. विचारल्याशिवाय सुटणार नाही असं ठरलं. मास्तर म्हणाले, "तीनशेऐंशी. चाळीस कोण घेतंय आता?"

फोटोत ज्या आकड्याची दोन वाचनं होऊ शकतात, तो आकडा शीटमध्ये भरायचा नाही, रकाना रिकामा सोडायचा. अंदाजाने भरलेला आकडा नंतर खरा आकडा होऊन बसतो.

तिसरी गोष्ट चुकीची नाही, पण अर्धा तास गेला. मोबाइलवर मराठी कीबोर्डने भरलेले दर बेरजेत येईनात. "४५०" असं मराठी अंकात टाइप झालेलं आमच्या शीटमध्ये मजकूर म्हणून बसलं, आणि बेरीज मजकुराला हात लावत नाही. ओळखायची खूण सोपी: खरा आकडा रकान्यात उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. `dar` पानावर सगळे दर इंग्रजी अंकांत पुन्हा भरले.

३ जानेवारी

पहिली खरी ऑर्डर आली. चार ब्लाउज आणि तीन साड्यांना फॉल-पिको. एक संक्रांतीच्या काळ्या साडीचा, दोन रोजच्या काठपदराच्या साड्यांचे, एक पैठणीचा. पावती अशी:

उं १४॥
छा ३९॥।
कं ३४
शो १४
बा १०।, पै. बा १७
दंड १२॥
मुं १७॥
ग. पु ७, मा ९॥
का. अ. १, क. अ. २, पै. प्रि. पॅ. दो. ल.
का. १२ ला
फॉ.पि. ३

जुन्या वळणाच्या शिंप्याच्या पावत्या वाचायच्या तर ही खूण पाठच हवी: आकड्यामागची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १४॥ म्हणजे साडेचौदा, ३९॥। म्हणजे पावणेचाळीस, १०। म्हणजे सव्वादहा. काउंटरवरच्या मुलाने उंचीला १४११ भरलं आणि बाहीला १०१. "अहो, ते अकरा नाही, अर्धा आहे," एवढं मास्तरांनी मशीनवरून ओरडून सांगितलं.

१०१ इंचाची बाही कोणालाही खटकते. खटकत नाही ते वेगळंच. मागचा गळा ९॥ हा त्याने "९ ते ११" असा वाचला आणि मधला १० भरला. साडेनऊच्या जागी दहा. गळा अर्धा इंच खाली गेला तर अंदाजाच्या रकमेत एक रुपया हलत नाही, म्हणून हिशेबात हे कधीच सापडलं नसतं.

यावरून कामाची पद्धत बदलली. पावतीवरची दहा-बारा मापं शीटमध्ये उतरवायचीच नाहीत. बेतायला मास्तर मूळ पावतीच वापरतात, आपल्या नकलेवरून कोणी कापड कापणार नाही. रकमेवर परिणाम करणारी मापं फक्त तीन: छाती, बाही आणि कापड पुरेल का ते बघायला उंची. तेवढीच भरायची, दशांशात: पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५. बाकीच्या मापांसाठी "पावतीप्रमाणे".

छातीपाशी थांबावं लागलं. फलक म्हणतो ४० च्या वर ५० रुपये जादा, आणि पावतीवर पावणेचाळीस. पण हे अंगाचं माप की नमुन्याच्या ब्लाउजचं? अंगावर टेप लावून घेतलेलं माप आणि तयार ब्लाउज आडवा टाकून मोजलेलं माप यांत एक-दीड इंचाचा फरक पडतो, कारण ब्लाउजमध्ये थोडी ढील असते. ३९॥। अंगाचं असेल तर जादा लागत नाही. नमुन्याचं असेल तर अंगाचं त्याहून कमीच, म्हणजे तरीही नाही. मात्र मास्तर दर ब्लाउजच्या मापावर धरत असतील, तर अंगाचं ३९॥। हे तयार मापात ४१ च्या आसपास जातं आणि चार नगांचे २०० रुपये वाढतात. फलकावर यातलं काही लिहिलेलं नाही. मास्तरांचं उत्तर: अंगाचं माप, आणि ४० पूर्ण भरल्याशिवाय जादा नाही. पावतीच्या डोक्यावर आता "अंगाचे / नमुन्याचे" असं छापून घेतलंय, एकावर गोल करायचा.

४ जानेवारी

शीटने पहिला अंदाज दिला: २,६४० रुपये. मास्तरांनी नुसतं ऐकून मान हलवली. "कमी आहे." किती कमी ते त्यांनाही सांगता येईना, पण चार ब्लाउजांत पैठणीचा एक आणि अर्जंट एक असताना रक्कम एवढी येत नाही हे त्यांना तोंडपाठ. ओळ ओळ तपासली. एकूण ३१० रुपये सुटले होते, चार वेगवेगळ्या कारणांनी.

पन्नास रुपये चिकटपट्टीचे. अस्तर ब्लाउजचा दर फलकावर ४०० छापलेला आहे. त्यावरची ४५० ची चिकटपट्टी कधीतरी गळून पडली, आणि आपण फोटो काढला तेव्हा जुना छापील आकडाच दिसत होता. फोटो स्वच्छ, आकडा स्पष्ट, आणि दर चुकीचा. कितीही चांगला कॅमेरा आणा, हे फोटोत दिसणार नाही. लॅमिनेशनवर गोंदाचा चौकोनी डाग होता, तो मात्र मूळ फोटो मोठा केल्यावर दिसला. म्हणून आता फलकावर डाग किंवा उचकटल्याची खूण असलेली प्रत्येक ओळ विचारून घेतो.

साठ रुपये दोरी-लटकनचे. `dar` पानावर "दोरी-लटकन" असं आडव्या रेघेने, ऑर्डरच्या पानावर "दोरी लटकन". सूत्राला हे दोन वेगळे शब्द. आणि सूत्र आम्हीच असं लिहिलं होतं की दर सापडला नाही तर शून्य धरावा:

```
=IFERROR(C2*VLOOKUP(A2,dar!A:B,2,FALSE),0)
```

हा शून्य फार वाईट. रकाना भरलेला दिसतो, बेरीज येते, चूक दिसत नाही. शून्याच्या जागी शब्द टाकला, आणि `dar` पानावर दराचा रकाना रिकामा असेल तरी तोच शब्द यावा असं केलं:

```
=IF(A2="","",IFERROR(IF(VLOOKUP(A2,dar!A:B,2,FALSE)=0,"दर नाही",C2*VLOOKUP(A2,dar!A:B,2,FALSE)),"दर नाही"))
```

पण एवढ्याने भागत नाही. बेरीज शब्दाला वगळून पुढे जाते, म्हणजे एकूण रक्कम पुन्हा कमीच. म्हणून बेरजेलाही अडवावं लागलं:

```
=IF(COUNTIF(D2:D12,"दर नाही")>0,"थांबा",SUM(D2:D12))
```

"थांबा" दिसलं की मेसेज जात नाही. कामाचं नाव टाइप करणंही बंद केलं, आता `dar` पानावरच्या यादीतून निवडायचं.

पन्नास रुपये पैठणीच्या बाहीचे. ऑर्डरच्या पानावर बाहीला एकच जागा होती, तिथे १०.२५ भरलं गेलं. पावतीवर "पै. बा १७" वेगळं आहे, पण ते ठेवायला रकानाच नव्हता. बाही ही गिऱ्हाइकाची नसते, नगाची असते. छाती एकदा, बाही प्रत्येक नगाला, असा बदल केला.

आणि दीडशे रुपये अर्जंटचे. "का. १२ ला" हे त्या मुलाने "बारा लांबी" असं वाचलं होतं. कशाची लांबी ते कळेना, म्हणून सोडून दिलं. खरं तर काळा ब्लाउज १२ तारखेला हवाय, संक्रांतीच्या आधी. ३ तारखेला कपडा आला, १२ ला द्यायचा, म्हणजे नऊ दिवस, म्हणजे फलकाप्रमाणे अर्जंट. तारीख पावतीवर मापांच्याच रांगेत लिहिलेली असते आणि दोन्ही आकडे दिसायला सारखे. नव्या पावतीवर तारखेचा चौकोन वेगळा, वरच्या कोपऱ्यात.

सगळं धरून हिशेब असा झाला: काळा अस्तर ब्लाउज ४५० आणि अर्जंट १५०, कटोरी अस्तर दोन, ५५० प्रमाणे १,१००, पैठणी प्रिन्सेस ६५०, पॅड १००, दोरी-लटकन ६०, बाही ५०, फॉल-पिको तीन, १३० प्रमाणे ३९०. एकूण २,९५०.

अजून एक विचारून घेतलं, कारण भांडणं यावरूनच होतात: "अस्तर ब्लाउज ४५०" यात अस्तराचं कापड आलं का? या दुकानात आलं, सुती अस्तर, एक मीटरपर्यंत. फॉल-पिकोतही फॉल आला. शेजारच्या गल्लीत दोन्ही वेगळे लावतात. फलकावर याबद्दल अक्षर नाही, म्हणून मेसेजमध्ये लिहायलाच हवं.

५ जानेवारी

मेसेज पाठवणार तोच मास्तरांनी पैठणीचा ब्लाउजपीस उघडून टेप लावला आणि बाजूला ठेवला. ब्लाउजपीस ८० सेंटिमीटरचा असतो असं धरून सगळे चालतात. हा ७६ भरला, म्हणजे जेमतेम ३० इंच. पन्हा ४५ इंच.

आता बेत बघा. पैठणीचा काठ बाहीच्या टोकाला यायला हवा, त्यामुळे बाह्या काठाच्या कडेवरच घ्याव्या लागतात. दंडघेर साडेबारा, ढील आणि मार्जिन धरून एक बाही १५ इंच रुंद, दोन शेजारी शेजारी ३० इंच. लांबीत तुकडा तेवढाच, इथवर ठीक. बाही १७ अधिक वर-खाली दोन, म्हणजे पन्ह्यातले १९ इंच गेले. उरले २६. मागचा भाग घडीवर न ठेवता उलगडून २४ इंच रुंद पडतो, म्हणजे त्याच्या शेजारी काही बसत नाही. पुढचा भाग त्याच्या खालीच घ्यायचा. उंची साडेचौदा अधिक दीड, १६. पाठ १६, पुढा १६, एकूण ३२. तुकडा ३०.

दोन इंच कमी. कटोरी असती तर निभावलं असतं, कारण कटोरीत पुढच्या भागाला खाली वेगळी पट्टी असते आणि वरचा भाग त्या प्रमाणात आखूड निघतो. प्रिन्सेस कटमध्ये पुढचा भाग खांद्यापासून कंबरेपर्यंत सलग, तिथे उंची चोरता येत नाही. पण कटोरीची पट्टी काढायलाही बाजूला जागा हवी, आणि १७ ची बाही ती जागा खाऊन बसली आहे. म्हणजे कटोरी करायची तर बाही कोपरापर्यंत आणायची, अकरा इंच. मग पन्ह्यात २६ च्या जागी ३२ उरतात, आणि पाठीच्या शेजारच्या आठ इंचांत पट्ट्या निघतात.

दुसरा रस्ता: प्रिन्सेस आणि पाऊण बाही दोन्ही ठेवायचं, पण पुढचा भाग मॅचिंग साध्या सिल्कचा घ्यायचा. अर्धा मीटर पुरतं. पुढचा बराचसा भाग पदराखाली झाकतो, पाठ आणि बाह्या दिसतात, त्या पैठणीच्याच राहतात.

हे दरफलकावर नाही आणि मापाच्या पावतीवरही नाही. ते दोन्ही एकत्र ठेवून, वर तुकडा मोजून मगच कळतं. आणि हे न कळवता २,९५० चा मेसेज गेला असता, तर आठ दिवसांनी "मॅचिंग कापडाचे वेगळे" असा फोन करावा लागला असता. त्या फोनवर काय ऐकावं लागतं ते काउंटरवर बसलेल्यालाच ठाऊक. आता नियम: काठाचा कोणताही पीस अंदाजाआधी टेपने मोजायचा आणि सेंटिमीटर पावतीवर लिहायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

५ जानेवारी, संध्याकाळ

मेसेजचा पहिला मसुदा शीटमधून थेट चिकटवला. फोनवर रकान्यांचा चुराडा झाला, "कटोरी अस्तर" एका ओळीवर आणि त्याची रक्कम पुढच्या कामाच्या ओळीवर. रकाने सोडून दिले. एका ओळीत एक काम, मग बरोबरचं चिन्ह, मग रक्कम, ओळ शक्य तितकी छोटी.

याहून मोठी चूक दुसरी होती. मसुद्यात सगळी मापंही घातली होती, "तुमचं माप बरोबर आहे ना बघा" म्हणून. पावतीवरचा नंबर गिऱ्हाइकाच्या मुलाचा निघाला. बाईच्या छाती-कंबरेची मापं मुलाच्या फोनवर. पाठवण्याआधी नंबरासमोरचं नाव वाचलं म्हणून वाचलो. अंदाजाच्या मेसेजमध्ये माप घालायचं नाही, फक्त पावतीचा क्रमांक. माप ताडून बघायचं तर बाई दुकानात येतात तेव्हा.

शेवटी गेलेला मेसेज:

> नमस्कार ताई,
> पावती क्र. ११८ चा शिलाईचा अंदाज:
>
> काळा, अस्तर = ४५०
> काळा, अर्जंट (१२ जाने.) = १५०
> कटोरी अस्तर २ × ५५० = १,१००
> पैठणी, प्रिन्सेस = ६५०
> पॅड = १००
> दोरी-लटकन = ६०
> कोपराखाली बाही = ५०
> फॉल-पिको ३ × १३० = ३९०
> *एकूण २,९५० रु.*
>
> यात सुती अस्तर आणि फॉल आले.
>
> पैठणीचा पीस ७६ सेंमी भरला. त्यात प्रिन्सेस कट आणि १७ इंच बाही दोन्ही बसत नाही. कोणतं करायचं ते कळवा:
> (अ) कटोरी आणि बाही कोपरापर्यंत. एकूण २,८०० रु.
> (आ) आहे तसंच, पुढचा भाग मॅचिंग कापडाचा. २,९५० रु. आणि अर्धा मीटर कापडाचे बिलाप्रमाणे.
>
> काळा १२ ला, बाकीचे २५ ला.
> ॲडव्हान्स १,५०० रु.
> तुमचं उत्तर आल्यावरच पैठणी बेतू.

(अ) चा आकडा कसा आला तर प्रिन्सेसच्या ६५० ऐवजी कटोरीचे ५५०, आणि बाहीचे ५० गेले. दोन्ही पर्यायांची एकूण रक्कम लिहिली, फरक नाही. "दीडशे कमी होतील" असं लिहिलं की समोरचा ते अर्जंटच्या दीडशेतून वजा करून बसतो. तालीम म्हणून घरातल्याच एकीला वाचायला दिलं, तर नेमकं तेच झालं.

शेवटचं वाक्य मास्तरांनी घालायला लावलं. कापड एकदा कात्रीखाली गेलं की अंदाजाला अर्थ राहत नाही, म्हणून कोणत्या उत्तरासाठी काम थांबलंय ते मेसेजमध्येच हवं.

या मेसेजचा सांगाडा व्हॉट्सॲप बिझनेसच्या 'क्विक रिप्लाय'मध्ये ठेवलाय. नाव आणि रकमा रिकाम्या. आधी त्यात एकूण रकमेच्या जागी नमुन्याची रक्कम राहिली होती, ती काढून टाकली. रिकामी जागा चुकून गेली तर हसं होतं, जुनी रक्कम गेली तर ती द्यावी लागते.

६ जानेवारी

उत्तर आलं: (आ). पण "काळ्याला पण लटकन लावा." साठ वाढले. तोंडी कबूल न करता मेसेजला नवी ओळ आणि नवी एकूण रक्कम लिहून परत पाठवलं, ३,०१०. जुना मेसेज पुसला नाही. दोन मेसेज खाली-वर दिसतात, त्यामुळे वाढ कशाची ते विचारायची वेळ येत नाही.

९ जानेवारी

नवा फलक छापून आणला. प्रिंट आणि लॅमिनेशन मिळून ८० रुपये. आकडे सगळे छापील, खाली "दर १ जानेवारीपासून", आणि "अस्तर कापडासह", "छाती: अंगाचे माप" हे शब्द त्या त्या ओळीतच, टिपेत नाही. दर बदलला की चिकटपट्टी लावायची नाही, नवा कागद काढायचा. मास्तरांना हे पटलेलं नाही. चिकटपट्टीचं रीळ अजून ड्रॉवरमध्येच आहे.

पावतीचं नवं पुस्तक शंभर पानी, कार्बनसह, १४० रुपये. त्यात वर सांगितलेले तारखेचा चौकोन, "अंगाचे / नमुन्याचे", नगाप्रमाणे बाही, आणि पीसची लांबी.

२६ जानेवारी

बिल आणि अंदाज शेजारी ठेवले. अंदाज ३,०१०. बिल ३,१७०. फरक १६० चा, सगळा मॅचिंग सिल्कचा, जो "बिलाप्रमाणे" लिहिलाच होता. कापडाची पावती बिलाला टाचून दिली. कटोरीच्या दोन ब्लाउजांपैकी एक ढिला झाला, पण तो मापाचा प्रश्न, पैशाचा नाही. फिटिंगचे पैसे लावले नाहीत.

त्यानंतर आलेल्या सहा ऑर्डरींपैकी चारांचा अंदाज वीस मिनिटांच्या आत गेला. एकीत "थांबा" आलं, कारण फलकावर साडीच्या गोंड्यांचा दर नाही. आणि एक अजून अडकली आहे: शिवलेली नऊवारी. फलकावर तिच्यापुढे आकडा नाही, "मापानुसार" एवढंच. मास्तरांना विचारलं की कोणत्या मापानुसार, तर म्हणतात साडी बघून सांगतो. `dar` पानावर तो रकाना रिकामाच ठेवला आहे.